ग्रेन, निळी छटा आणि वरची रिकामी जागा: अल्बम कव्हरच्या प्रॉम्प्टमागचा इतिहास

चित्र बनवणाऱ्या एआय टूलला बँडमधल्या कोणाचा तरी फोटो रेफरन्स म्हणून द्यायचा आणि खाली टाइप करायचं, जुन्या फिल्मसारखा कणाकणांचा ग्रेन हवा, रंग मूडी हवा, वर अक्षरांना जागा सोड. अल्बम कव्हरचा प्रॉम्प्ट आता बहुतेक असाच असतो. पण हे तीन शब्द आले कुठून ते बघितलं तर गंमत आहे, कारण तिन्हीच्या मागे कधीतरी कोणाची तरी साधी अडचण होती, कमी प्रकाश, महाग छपाई, दुकानातली मांडणी वगैरे. ती अडचण माहीत असली की प्रॉम्प्ट लिहायलाही सोपं जातं.

सुरुवातीला कव्हर असं काही नव्हतंच, रेकॉर्ड साध्या कागदी पाकिटात यायच्या. १९४० च्या आसपास कोलंबिया कंपनीतल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइसने पाकिटावर चित्र आणि हाताने काढलेली अक्षरं आणली. मग १९४८ मध्ये एलपी आली, १२ इंची, आणि डिझायनरला एक मोठा चौकोन मिळाला. दुकानात या एलपी खोक्यात उभ्या लावलेल्या असायच्या, गिऱ्हाईक बोटांनी एकेक पुढे ढकलत बघायचं, त्यामुळे दिसायचा तो फक्त वरचा भाग. म्हणून नाव वर. अक्षरांची जागा वरती सोडायची सवय बरीचशी इथून आली.

ग्रेन आणि रंगाचं काम जाझवाल्यांकडे झालं. ब्लू नोट या लेबलसाठी फ्रान्सिस वुल्फ रेकॉर्डिंग चालू असतानाच वादकांचे कृष्णधवल फोटो काढायचा, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापासून डिझायनर रीड माइल्स ते फोटो निर्दयपणे कापून, एखाद्याच रंगाची शाई चढवून कव्हर करायचा. पूर्ण चार रंगांची छपाई महाग, एकदोन शाया स्वस्त. आज आपण ज्याला मूडी म्हणतो तो एकरंगी फोटो मुळात बजेटमधून आलाय. ग्रेनचंही तसंच. कमी प्रकाशात काम करायला फास्ट फिल्म लागते, तिच्यातले चांदीचे कण मोठे, आणि फिल्म धुताना जास्त वेळ ठेवून पुश केली की ते आणखी उठून दिसतात.

आता एकच कव्हर नीट बघू, कारण आजचा अख्खा प्रॉम्प्ट त्यात सापडतो. ऑगस्ट १९६३, इंग्लंडमधलं बोर्नमथ, तिथल्या एका हॉटेलात रॉबर्ट फ्रीमनने बीटल्सचा फोटो काढला. त्याने आधी जॉन कोल्ट्रेनसारख्या जाझ वादकांचे कृष्णधवल फोटो काढले होते आणि तेच बघून त्याला हे काम मिळालं होतं, म्हणजे धागा सरळ जाझपर्यंत जातो. चौघांना काळे बंद गळ्याचे स्वेटर, मागे गडद पडदा, बाजूच्या खिडकीतून येणारा उजेड, बास. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात, अंग काळ्यात विरघळलेलं. चार डोकी एका ओळीत घेतली तर चौकोन भरत नाही, म्हणून तिघं वर आणि रिंगो खाली उजव्या कोपऱ्यात. ब्रिटनमध्ये हा फोटो कृष्णधवलच छापला, नोव्हेंबर १९६३ च्या ‘विथ द बीटल्स’वर, वर पांढरी पट्टी आणि तिच्यात नाव. दोनच महिन्यांनी अमेरिकेत कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीने तोच फोटो ‘मीट द बीटल्स!’साठी घेतला आणि त्यावर निळी छटा चढवली, पट्टीत अक्षरं दुसरी. एकच फोटो, दोन मूड! म्हणजे प्रकाश फोटो काढतानाच ठरला होता, रंग आणि अक्षरं नंतर बसवली. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

रेफरन्स फोटोची गोष्ट मात्र अगदी अलीकडची आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये गूगलच्या लोकांनी ड्रीमबूथ मांडलं, त्यात एका माणसाचे ३ ते ५ फोटो देऊन मॉडेलला तो चेहरा शिकवावा लागायचा. २०२३ मध्ये आयपी-अ‍ॅडॉप्टर आलं, त्यात वेगळं ट्रेनिंग न करता एका फोटोवर भागायला लागलं, आणि मार्च २०२४ मध्ये मिडजर्नी या चित्र बनवणाऱ्या टूलने प्रॉम्प्टमध्ये लिहायचं `--cref` दिलं, फोटोची लिंक चिकटवली की झालं. मग फोटो टाकून साध्या भाषेत सांगायची टूल्स आली आणि प्रॉम्प्ट सगळ्यांच्या हातात गेला.

आता वरचा क्रम इथे लावून बघा. गिटारिस्टचा समोरून फ्लॅश मारलेला सेल्फी दिलात आणि बाजूचा प्रकाश मागितलात, तर सावलीत जाणारी बाजू मॉडेलला मनाने बनवावी लागते, आणि तिथेच चेहरा घसरतो, जबडा बारीक होतो, नाक दुसऱ्याच कोणाचं वाटतं. म्हणून त्याला खिडकीशेजारी उभं करून मोबाइलवर नवीन फोटो काढा, तो रेफरन्स. आणि प्रॉम्प्टमध्ये ‘मूडी’ लिहायच्या ऐवजी कारण लिहा:

```
सोबतच्या फोटोतला चेहरा तसाच ठेव, त्वचेवरच्या खुणांसकट.
चौकोनी फ्रेम, चेहरा खालच्या उजव्या भागात.
डावीकडच्या खिडकीतून एकच प्रकाश, चेहऱ्याची दुसरी बाजू अंधारात.
मागे साधा गडद पडदा, वरचा पाव भाग सपाट आणि रिकामा.
कृष्णधवल फोटो, त्यावर एकच निळी छटा.
```

यात ‘अल्बम कव्हर’ हा शब्द मुद्दाम नाहीये. तो लिहिला की बरीच मॉडेल्स स्वतःच नाव टाकायला जातात आणि वाकडीतिकडी खोटी अक्षरं येतात, देवनागरी जोडाक्षरांचं तर बघायलाच नको. ‘जागा रिकामी ठेव’ एवढंच लिहिलं तर तिथे धूर नाहीतर दिवे येतात, म्हणून तिथे नक्की काय आहे ते सांगायचं, सपाट पडदा. अक्षरं नंतर वेगळ्या लेयरवर.

ग्रेनही प्रॉम्प्टमध्ये नाहीये बघा, आणि माझं मत असं की तो मागूच नये. सुरुवातीच्या स्टेबल डिफ्यूजन मॉडेल्समध्ये ८ बाय ८ पिक्सेलचा तुकडा दाबून एका खान्यात जातो आणि शेवटी त्यावरून चित्र परत उलगडतं, त्यात कणासारखी बारीक गोष्ट मॉडेल अंदाजानेच भरतं. शिवाय तेच चित्र पुन्हा पुन्हा एडिट करायला दिलं की आधीचा ग्रेन त्वचेचा पोत समजला जातो आणि चेहरा खरबरीत होत जातो. ओळखायचं कसं, तर १०० टक्के झूम करा. फिल्मचा ग्रेन मधल्या करड्या छटांमध्ये जास्त दिसतो, एकदम पांढऱ्यात आणि गडद काळ्यात कमी. सगळीकडे सारखाच पसरलेला असेल तर तो वरून शिंपडलेला आहे. त्यामुळे चित्र, क्रॉप, छटा सगळं ठरल्यावर, फाइल शेवटच्या मापाला, म्हणजे साधारण ३००० बाय ३००० पिक्सेलला नेऊन मगच ग्रेनचा लेयर टाका आणि काळ्या-पांढऱ्या टोकांना तो कमी करा. आधी टाकून मग मोठं केलंत तर कणांचे ठिपके होतात.

एक मात्र बदललंय. दुकानातली खोकी गेली, आता कव्हर फोनवर नखाएवढं दिसतं आणि तिथे ग्रेन जवळजवळ गायब होतो, नुसती अर्ध्या चेहऱ्याची सावली आणि छटा उरते. नाव वरच हवं ही सक्तीही राहिली नाही, अंधाराची बाजू मोठी असेल तर अक्षरं तिथेही बसतात, फक्त पाठवायच्या आधी चित्र छोटं करून ती वाचता येतात का ते एकदा बघा.