दोन भाषांतला भाडेकरार: सही करण्याआधी मराठी आणि इंग्रजी मजकूर कसा जुळवावा

इंदूरच्या मराठी घरांपैकी बऱ्याच जणांचा पुण्यात एखादा फ्लॅट असतो. तो भाड्याने द्यायचा झाला की एजंट तिकडून मसुदा पाठवतो: डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. रामबागेतल्या आमच्या आत्याकडे असाच मसुदा आला आणि तिने मराठी रकाना वाचून सहीची तयारीही केली. भाडे बावीस हजार, मुदत अकरा महिने, सगळे बरोबर होते. मी इंग्रजी वाचायला बसलो ते केवळ दुपार रिकामी होती म्हणून.

सर्वात आधी कलमांचे आकडे जुळवा. आत्याच्या मराठी रकान्यात सतरा कलमे होती, इंग्रजीत अठरा. जास्तीचे कलम शेवटचे होते: दोन्ही मजकुरांत फरक आढळल्यास इंग्रजी ग्राह्य. मराठीत याचा मागमूस नव्हता. तपासणी याच कलमापासून सुरू करावी, कारण वाद झाला तर कोणता रकाना बोलणार हे तेच ठरवते. ते दोन्हीकडे हवे आणि दोन्हीकडे एकच सांगणारे हवे. मराठी रकाना मराठीला वरचढ म्हणतो आणि इंग्रजी रकाना इंग्रजीला, असे झाले तर ते कलम असून नसल्यासारखे.

मग दोघांनी बसावे. एकाने मराठी कलम मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने इंग्रजीत बोट ठेवून तीन गोष्टी पाहायच्या: आकडा काय, तो कधीपासून मोजायचा आणि बंधन कोणावर. रक्कम सहसा चुकत नाही, कारण तिच्याकडे सगळ्यांचेच लक्ष असते. चुकते ते शेवटचे, म्हणजे कर्ता. आत्याच्या मराठीत होते, 'भाडेकरू पहिले सहा महिने घर सोडणार नाही.' इंग्रजीचा अर्थ होता, दोघांपैकी कोणीही पहिले सहा महिने करार संपवणार नाही. आत्याच्या मुलीची पुण्याला बदली चौथ्या महिन्यात व्हायची होती. मराठीप्रमाणे आत्या नोटीस देऊन घर रिकामे करून घेऊ शकत होती, इंग्रजीप्रमाणे नाही. आणि अठरावे कलम इंग्रजीच्या बाजूने उभे होते.

नोटिशीचा महिनाही असाच. मराठीत 'नोटीस दिल्यापासून', इंग्रजीत 'नोटीस मिळाल्यापासून'. इंदूरहून पुण्याला टपाल पोचेपर्यंतचे दिवस कोणाच्या खात्यात जाणार, हा साधा प्रश्न आहे.

'भाडेकरू' या शब्दाकडेही जरा थांबून पाहा. इंग्रजीत हा लिव्ह अँड लायसन्स करार होता, म्हणजे राहण्याची फक्त परवानगी. बोलताना आपण भाडेकरूच म्हणतो, पण करारात तो शब्द भाडेपट्ट्याचा दावा करायला आयते निमित्त देतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपूनही लायसन्सधारक हटला नाही तर मालक दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. म्हणून दोन्ही रकान्यांत 'लायसन्सधारक' असावा. न्यायालय नुसत्या नावावर जात नाही, व्यवहाराचे स्वरूप पाहते, हे खरे; पण वाद उकरायला जागा ठेवायची कशाला?

पात्रतेचा भाग थोडक्यात. करार करणारा अठरा वर्षांचा आणि सुज्ञ हवा. इंग्रजी येत नाही म्हणून तो अपात्र ठरत नाही. पण 'मला वाचता आले नाही' हे कारण सही झाल्यावर सहसा चालत नाही. जवळ ठेवायचे कागद: मसुद्याची छापील प्रत, फ्लॅटची इंडेक्स दोन किंवा कराची पावती, दोन्ही पक्षांचे आधार आणि पॅन, साक्षीदारांची ओळखपत्रे, आणि भाडे ठरवतानाचे एजंटचे निरोप. शेवटची गोष्ट कोणी मागत नाही, पण कोणता रकाना ठरल्याप्रमाणे आहे हे त्यातूनच कळते. आमचा सहा महिन्यांचा प्रश्न तिथेच सुटला. एजंटने आधी लिहिले होते, 'त्यांना सहा महिने राहावेच लागेल, तुमच्यावर बंधन नाही.'

दुरुस्ती मसुद्यातच करून घ्या आणि नवीन प्रत पुन्हा पहिल्या कलमापासून वाचा, कारण एक कलम बदलताना दुसऱ्याचा आकडा सरकतो. छापलेल्या प्रतीवर पेनाने खोडाखोड केलीच, तर प्रत्येक ठिकाणी दोन्ही पक्षांची छोटी सही हवी; नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम २० प्रमाणे ती नसेल तर दुय्यम निबंधक दस्त नाकारू शकतो. हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार सक्तीचे आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर, म्हणजे इथे आत्यावर. नोंदणीनंतर चूक सापडली तर चूक दुरुस्ती पत्र करावे लागते. त्यावर समोरच्याचीही सही लागते, आणि चूक त्याच्या फायद्याची असेल तर तो ती करेलच असे नाही. मग उरतो दिवाणी दावा.

आत्याचा मसुदा तीनदा परत गेला. एजंट वैतागला, पण चौथ्या प्रतीत दोन्हीकडे अठरा कलमे होती आणि अठरावे म्हणत होते, मराठी ग्राह्य.