पहिलं सेव्हिंग खातं काढताय? नॉमिनी, मॅच्युरिटी, तारण, ओव्हरड्राफ्ट हे काय असतं ते आधी बघून घ्या

आमच्याकडे बेळगाव-खानापूर भागात पहिलं खातं काढायला येणाऱ्यांत बायका बऱ्याच असतात, कारण कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये रेशनकार्डावरच्या कर्त्या बाईच्याच खात्यावर पडतात. बँकेत फॉर्म मिळतो तो कन्नड-इंग्लिशमधला, काउंटरवरचा साहेब घाईत, मग "इथं सही, इथं सही" करत चार पानं संपतात आणि काय भरलं ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून एक उदाहरण घेऊनच सांगतो. समजा आपल्या कंग्राळीतली एक वहिनी आहे, माहेर चंदगडकडचं, आता वेगळं रेशनकार्ड झालंय आणि तिला स्वतःचं खातं पाहिजे.

कागदं फार लागत नाहीत. आधार, पॅन आणि फोटो. पॅन नसेल तर त्याच्या जागी एक जाहीरनामा भरून घेतात, त्याला सगळे फॉर्म ६० म्हणतात, त्यामुळे पॅन नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल तर तो फॉर्म मागा. आधार द्यायचं नसेल तर मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा नरेगाचं जॉबकार्डही चालतं, पण सरकारी पैसे यायचे असतील तर आधार लागणारच. बॅलन्स ठेवायची ऐपत नसेल तर बेसिक सेव्हिंग खातं किंवा जनधन खातं मागा, त्यात मिनिमम बॅलन्स नाही आणि एटीएम कार्डही मिळतं.

वहिनीची अडचण वेगळी आहे. आधारवर माहेरचं नाव, पत्ता चंदगडचा, आणि राहते कंग्राळीत. पत्त्याचं एवढं टेन्शन नको, बँकेत अंगठा लावून आधारची ई-केवायसी केली तर सध्याचा पत्ता स्वतः लिहून सही करून दिला तरी चालतो. नाव मात्र लग्नानंतरचं पाहिजे असेल तर सरकारी लग्नाचा दाखला आणि जुन्या नावाचं ओळखपत्र दोन्ही जोडायला लागतं. दाखला काढलेला नसेल तर सरळ आधारवरच्याच नावानं खातं काढा, नंतर बदलता येतं. आधारवर एक, पॅनवर एक, रेशनकार्डावर तिसरंच स्पेलिंग असलं की पैसे अडकायची वेळ येते.

अजून एक, आणि हे कुणी सांगत नाही. खातं काढताना आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सरकारी पैसे त्या खात्यावर येणार असं नाही. त्यासाठी आधार सीडिंगचा, म्हणजे आधार त्या खात्याला जोडायचा, वेगळा संमतीफॉर्म भरायला लागतो, आणि पैसे जातात ते सगळ्यात शेवटी ज्या खात्याला सीडिंग केलंय त्यावर. आधी दुसऱ्या बँकेत खातं काढून विसरलेलं असेल तर दोन हजार तिकडं जमा होत असतात आणि इकडं बाई पासबुक भरून भरून दमते!

आता फॉर्मवरचा नॉमिनीचा रकाना. बहुतेक जण हा रिकामा सोडतात, नाहीतर साहेब म्हणतो "नवऱ्याचं घालू काय?" आणि घालून मोकळा होतो. नॉमिनी म्हणजे तुमच्या पश्चात बँक ज्याच्या हातात पैसे देणार तो माणूस. तुम्ही आहात तोवर त्याला खात्याशी काही घेणंदेणं नाही, त्याला पैसे काढता येत नाहीत की बॅलन्सही विचारता येत नाही. आणि पैसे हातात आले म्हणजे तो मालक झाला असंही नाही, ते पैसे वारसांचे असतात, नॉमिनी ते त्यांच्या वतीनं घेतो. वहिनीनं भावाचं नाव घातलं तर भावाला बँक पैसे देईल, पण मुलं आणि नवरा त्याच्याकडं आपला वाटा मागू शकतात. भावालाच द्यायचे असतील तर मृत्युपत्र पाहिजे, नुसत्या नॉमिनीनं भागत नाही.

मग नॉमिनीचा उपयोग काय म्हणाल तर कागदांची धावपळ वाचते. नॉमिनी असेल तर क्लेमचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचं ओळखपत्र एवढ्यावर काम होतं, आणि सगळी कागदं दिल्यावर बँकेनं १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. नॉमिनी नसेल तर नाडकचेरीत जाऊन वंशवृक्ष काढा, सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करा, एक भाऊ पुण्यात, एक बहीण कोल्हापूरला, त्यात एकाशी बोलचाल बंद. खात्यात असायचे अठरा हजार आणि हेलपाटे सहा महिने!

१ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारजणांपर्यंत नॉमिनी घालता येतात. एकदम घालायचे तर कुणाला किती टक्के ते लिहायचं आणि सगळ्यांची बेरीज १०० झाली पाहिजे, किंवा मग एकामागून एक असा क्रम लावायचा, म्हणजे पहिला हयात नसेल तर दुसऱ्याला. वहिनीला दोन मुलं, तर ५०-५० लिहून मोकळं. मुलं १८ च्या आतली असतील तर त्यांच्या वतीनं पैसे कोण घेणार त्या मोठ्या माणसाचं नाव खाली लिहायला लागतं, ती ओळ रिकामी ठेवू नका. सही येत नसेल आणि अंगठा देणार असाल तर दोन साक्षीदार लागतात, सही असेल तर साक्षीदाराची गरज नाही. पासबुक हातात आलं की पहिल्या पानावर नॉमिनेशन नोंदल्याचा शिक्का किंवा ओळ आहे का बघा, मागितलं तर नावही छापून देतात. काही नसेल तर फॉर्म कुठंतरी फायलीतच राहिलाय असं समजा आणि तिथंच विचारा.

आता पुढचे तिन्ही शब्द एकाच एफडीवर समजतात. वहिनीनं शिवणकामाचे ५०,००० साठवले आणि एक वर्षाची एफडी केली, व्याज समजा ६.५ टक्के, दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिळवलं जाणारं. वर्षानं तिला मिळणार ५३,३३० रुपये. तो दिवस म्हणजे मॅच्युरिटीची तारीख आणि ती रक्कम म्हणजे मॅच्युरिटी अमाउंट, दोन्ही पावतीवर छापलेलं असतं. एफडीचा नॉमिनी सेव्हिंगचाच धरला जातो असं समजू नका, एफडीच्या फॉर्मवर परत घालायचा.

मॅच्युरिटीच्या दिवशी काय करायचं हे एफडी करतानाच विचारतात. ऑटो रिन्युअल टिक केलं तर त्या दिवशीच्या दरानं परत तेवढ्याच मुदतीला लागते, दर कमी झाला असेल तर कमीच. काहीच टिक केलं नाही आणि तुम्ही गेलाच नाही तर पैसे तसेच पडून राहतात आणि त्यावर सेव्हिंगचा दर किंवा एफडीचा जुना दर, दोन्हीत जो कमी तो मिळतो, म्हणजे बहुतेक वेळा सेव्हिंगचाच. पावती कपाटात साडीच्या घडीखाली ठेवणाऱ्यांनी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलेली बरी.

आता आठ महिने झाले आणि पोराच्या कॉलेजच्या फीला २०,००० कमी पडले. लोक लगेच एफडी मोडतात. मोडली तर ठरलेला ६.५ टक्के मिळत नाही, एफडी केली त्या वेळी आठ महिन्यांना जो दर होता तो लावतात, समजा ६, आणि त्यातून दंड म्हणून बऱ्याच बँका एक टक्का कापतात. म्हणजे ५ टक्क्यांनी व्याज येणार साधारण १,६८० रुपये. उरलेले तीस हजार चार महिने सेव्हिंगला पडले तर अडीच टक्क्यांनी अजून अडीचशे. सगळे मिळून १,९३० च्या आसपास.

दुसरा रस्ता म्हणजे एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घेणं. इथं एफडी तारण, इंग्लिशमध्ये कोलॅटरल म्हणतात ते हेच, सोनं गहाण ठेवतो तसंच. बँक साधारण ९० टक्क्यांपर्यंत लिमिट देते, म्हणजे ४५,०००. बँकेनं सांगितलेल्या लिमिटपर्यंत, खात्यात स्वतःचे पैसे नसताना काढता येणारी रक्कम म्हणजे ओव्हरड्राफ्ट. व्याज सगळ्या ४५,००० वर नाही, जेवढे काढले तेवढ्यावर आणि जितके दिवस वापरले तितक्याच दिवसांचं. दर बहुतेक एफडीच्या दरावर एक टक्का, म्हणजे इथं साडेसात. वहिनीनं २०,००० काढले आणि ६० दिवसांनी भरले तर व्याज झालं २४७ रुपये. एफडी तिकडं चालूच, वर्षाला ३,३३० मिळणार, २४७ वजा जाता ३,०८३. मोडण्यापेक्षा हजारभर रुपये जास्तच राहिले की. मात्र भरायला जमणारच नसेल तर मग हे गणित फिरतं, व्याज चढत राहतं आणि शेवटी बँक मॅच्युरिटीतून वळतं करून घेते.

जनधनच्या ओव्हरड्राफ्टबद्दल गावात भलताच समज आहे की दहा हजार फुकट मिळतात. ते कर्ज आहे, व्याजासकट भरायचं. सहा महिने खातं नीट चालवल्यावर अर्ज करायचा, जास्तीत जास्त १०,०००, वय १८ ते ६५, एका घरात एकालाच आणि शक्यतो घरच्या बाईला. २,००० पर्यंत अटी घालत नाहीत, त्यापुढं बँक व्यवहार बघून ठरवते. तारण लागत नाही, पण थकवलं तर पुढं कर्ज मागताना ते रेकॉर्डवर दिसतं.

एफडी कुठं करताय तेही बघा. आपल्याकडं गल्लोगल्ली सौहार्द सोसायट्या आणि क्रेडिट सोसायट्या आहेत, मराठीत बोलतात, चहा देतात, व्याजही अर्धा-एक टक्का जास्त. पण ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकेतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकांनाही आहे, सोसायटीला नाही. पावतीवर नुसतं सोसायटी किंवा सौहार्द सहकारी असेल आणि रिझर्व्ह बँकेचं लायसन्स नसेल तर विमा नाही हे धरूनच किती ठेवायचे ते ठरवा.

आणि ओव्हरड्राफ्ट फिटला की एफडीवरचा लीन काढला का ते विचारून घ्या. लीन म्हणजे तारणाची खूण, ती सिस्टीममध्ये तशीच राहिली तर मॅच्युरिटीच्या दिवशी पैसे देत नाहीत आणि काउंटरवर "तुमचं लोन चालू दाखवतंय" म्हणतात. भरलेल्या दिवशीच खातं बंद करायचा अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि मूळ पावती बँकेनं ठेवून घेतलेली असेल तर तीही परत मागा.