फाशाचा प्रयोग (संभाव्यता)

फासा पुन्हा पुन्हा टाकून एखादे दान किती वेळा पडले ते मोजायचे, त्या संख्येला एकूण फेकींच्या संख्येने भागायचे आणि आलेले गुणोत्तर आकडेमोडीने काढलेल्या संभाव्यतेशी ताडून पाहायचे, असा हा यादृच्छिक प्रयोग आहे. मोजून आलेल्या गुणोत्तराला प्रायोगिक संभाव्यता किंवा सापेक्ष वारंवारता म्हणतात. सहाही बाजू सारख्या मानल्या तर सहाचे दान पडण्याची सैद्धांतिक संभाव्यता १/६, म्हणजे सुमारे ०.१६६७ असते. फेकी वाढत जातात तसे पहिले गुणोत्तर दुसऱ्याच्या जवळ सरकते. यामागच्या बृहत् संख्यांच्या नियमाची पहिली सिद्धता स्विस गणितज्ञ याकोब बर्नुली यांनी दिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये प्रसिद्ध झाली.

मांडणी. ५० जणांच्या वर्गात दोघादोघांच्या २५ जोड्या कराव्यात. प्रत्येक जोडीला सारखे पाच फासे आणि एक पेला द्यावा. एकाने पेला खुळखुळवून फासे सपाट पृष्ठावर ओतावेत, दुसऱ्याने नोंद करावी. फासे एकमेकांवर परिणाम करत नसल्यामुळे पाच फाशांची एक खेप म्हणजे पाच फेकीच होतात. अशा ४८ खेपांत एका जोडीच्या २४० आणि सगळ्या वर्गाच्या ६,००० फेकी भरतात. ताळ्याच्या खुणा सहाही दानांसाठी कराव्यात. फक्त सहा मोजले तर खेपेमागे पाच खुणा झाल्या की नाही हे तपासता येत नाही आणि सुटलेली नोंद कधीच सापडत नाही.

दोन गोष्टी आधीच ठरवून लिहून ठेवाव्या लागतात. तिरका टेकलेला किंवा खाली पडलेला फासा पुन्हा टाकायचा, ही पहिली. हे ऐन वेळी ठरवले की हवे ते दान ठेवून नको ते फेटाळण्याचा मोह होतो. दुसरी, एकूण फेकींची संख्या. गुणोत्तर ०.१६६७ च्या अगदी जवळ आले की ‘झाले’ म्हणून थांबणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण गुणोत्तर त्या आकड्याला अधूनमधून ओलांडणारच. सोयीच्या क्षणी थांबलेला प्रयोग काहीच दाखवत नाही.

एक नमुना. नोंदी एकापुढे एक जोडत गेल्यावर ६० फेकींअखेर १४, ६०० फेकींअखेर १०९ आणि ६,००० फेकींअखेर १,०२३ वेळा सहा पडला, असे समजू.

| एकूण फेकी | सहा पडले | अपेक्षित | जादा | गुणोत्तर |
|---|---|---|---|---|
| ६० | १४ | १० | ४ | ०.२३३३ |
| ६०० | १०९ | १०० | ९ | ०.१८१७ |
| ६,००० | १,०२३ | १,००० | २३ | ०.१७०५ |

शेवटचे दोन स्तंभ एकत्र वाचावेत. गुणोत्तर १/६ कडे सरकते आहे, पण जादा पडलेल्या सहांची संख्या ४ वरून २३ वर गेली आहे. हा विरोधाभास नाही, नियमाचा गाभाच आहे. आधी सहा जास्त पडले म्हणून पुढे ते कमी पडून भरपाई होईल, ही समजूत जुगाऱ्यांत जितकी पक्की तितकीच वर्गातही. फाशाला मागची दाने आठवत नाहीत. ६० फेकींनंतरच्या ५४० फेकींत सरासरीप्रमाणे बरोबर ९० सहा पडले, म्हणजे काहीच भरपाई झाली नाही, असे धरले तरी एकूण १०४ होतात आणि गुणोत्तर ०.१७३३ वर येते. चारची बढती जिथल्या तिथे राहते, फक्त ती आता ६० ऐवजी ६०० ने भागली जाते.

किती जवळ, किती फेकींत. फरक फेकींच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वागतो. खऱ्या फाशाच्या ६० फेकींत, असा प्रयोग १०० वेळा केला तर साधारण ९५ ते ९८ वेळा, सहांची संख्या ४ ते १६ या टप्प्यात राहते. ६०० फेकींत हा टप्पा ८२ ते ११८ आणि ६,००० फेकींत सुमारे ९४२ ते १,०५८ असतो. संख्येतली मोकळीक वाढते, गुणोत्तरातली मात्र ±०.१० वरून ±०.०१ च्या आसपास येते. थोडक्यात, अचूकता दहापट हवी तर फेकी शंभरपट लागतात. त्यामुळे ३० फेकींच्या प्रयोगातून ‘उत्तर १/६ आले पाहिजे’ अशी अपेक्षा ठेवणेच चूक आहे.

आलेखात आडव्या अक्षावर एकूण फेकी आणि उभ्या अक्षावर तोवरचे गुणोत्तर घेऊन ०.१६६७ ला आडवी रेषा आखतात. सुरुवातीचे हेलकावे मोठे असतात, मग रेघ शांत होते. ती बराच काळ रेषेच्या एकाच बाजूला राहिली तरी लगेच फाशावर संशय घेऊ नये. प्रत्येक नव्या बिंदूत जुन्या सगळ्या फेकी सामावलेल्या असतात, त्यामुळे सुरुवातीची झुकती बाजू सावकाशच पुसली जाते.

बनावट नोंदी. कंटाळून मनाने भरलेला तक्ता बहुधा फार नीटनेटका असतो. ६० फेकींत सहाही दाने बरोबर दहा-दहा वेळा पडण्याची शक्यता तेरा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. फेकी क्रमाने लिहिल्या असतील तर आणखी सोपी खूण मिळते: लागोपाठ तेच दान ६० फेकींत सरासरी दहाएक वेळा यायला हवे. माणूस मनाने आकडे लिहिताना तेच दान पुन्हा लिहायला कचरतो, म्हणून बनावट यादीत असे जोड कमी दिसतात.

फासाच खोटा असेल तर. प्रायोगिक गुणोत्तर १/६ कडे नव्हे, तर त्या फाशाच्या स्वतःच्या संभाव्यतेकडे जाते. दोन्ही एकच असतील असे नाही. इंग्लिश प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी १२ फासे २६,३०६ वेळा टाकून पाच किंवा सहा किती पडले ते मोजले आणि १८९४ मध्ये हे आकडे फ्रान्सिस गॉल्टन यांना कळवले. एकूण ३,१५,६७२ दानांपैकी १,०६,६०२ वेळा पाच किंवा सहा पडले होते. गुणोत्तर आले ०.३३७७, तर समान बाजूंच्या फाशाला हवे ०.३३३३. फरक दिसायला क्षुल्लक, पण एवढ्या फेकींत नुसत्या योगायोगाने येण्यासारखा नाही: अपेक्षेपेक्षा १,३७८ दाने जास्त, तर योगायोगाने होणाऱ्या चढउताराचे माप असलेले प्रमाण विचलन फक्त २६५ च्या आसपास. मोजलेल्या आणि अपेक्षित आकड्यांतला फरक योगायोगाचा मानता येईल का हे तपासणारी काय-वर्ग कसोटी १९०० मध्ये मांडताना संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी हेच आकडे वापरले. याचे नेहमी दिले जाणारे कारण असे, की ठिपके कोरून काढलेल्या फाशात जास्त ठिपक्यांची बाजू किंचित हलकी होते आणि ती वर येण्याकडे थोडा कल राहतो.

वर्गात म्हणूनच जोड्यांचे तक्ते एकत्र करण्याआधी वेगळे ठेवावेत. पंचवीस जोड्यांच्या बेरजेत एखाद्या वाकड्या फाशाचा कल सहज दडून जातो. संगणकावर तक्त्यात `=RANDBETWEEN(1,6)` हे सूत्र ६,००० ओळींत उतरवून शेजारी तोवरचे गुणोत्तर काढले तर तोच आलेख क्षणात मिळतो, मात्र तिथे सहाही आकड्यांना समान संधी आधीच दिलेली असते. त्यातून नियम दिसतो, हातातला फासा खरा की खोटा हे कळत नाही.