फोटोत तुशी चढवण्यामागचा इतिहास

आजीचा एकच कृष्णधवल फोटो उरलेला असतो, गळा मोकळा. तुशी आणि कुड्या मात्र सुनेच्या कपाटात असतात. मग त्यांचा मोबाईलवर फोटो काढून बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतल्या स्टुडिओत दिला जातो आणि 'हे घातलेलं दिसू द्या' एवढंच सांगितलं जातं. ही मागणी संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच दाद देत. त्यामुळे पिवळं सोनं फोटोत काळपट उतरे आणि कुंकू जवळजवळ काळं. अंगावर खरा दागिना असूनही तो दिसेना, म्हणून चित्रकार छापील फोटोवर अपारदर्शक रंगाने आणि सोनेरी वर्खाने तो पुन्हा रंगवत. चेहरा फोटोतला आणि दागिना चित्रातला, अशी ती जोड होती. दागिन्याची सावली कुणी फारशी रंगवत नसे, आणि बघणाऱ्यालाही ती खटकत नसे. पुढे ब्रोमाइड कागदावरच्या एन्लार्जमेंटला ब्रशने आणि हवेच्या फवाऱ्याने रिटच करायची पद्धत आली, तेव्हा मऊ सावली मिळू लागली. १९९४ साली फोटोशॉपमध्ये लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवता येणारे थर आले आणि दागिना रंगवण्याऐवजी दुसऱ्या फोटोतून उचलून ठेवणं सोपं झालं. आजच्या चुका इथूनच सुरू होतात. चित्रकार दागिना मानेभोवती फिरवत असे. उचललेला दागिना मात्र मखमलीवर जसा सपाट पसरला होता तसाच येतो.

त्या चुका टाळायच्या तर आधी माप. संदर्भ फोटोत दागिन्याशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवायला सांगावं. त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. समजा, नाणं ५४० पिक्सेल भरलं आणि कुडी ३००, तर कुडी १५ मिलिमीटरची. आजीच्या फोटोत मोजायचं ते डोळ्याचं बुबुळ, कारण मोठ्या माणसाचं बुबुळ साधारण ११.७ मिलिमीटर रुंद असतं आणि माणसागणिक त्यात फार फरक पडत नाही. ते ४७ पिक्सेल असेल तर एका मिलिमीटरला ४ पिक्सेल, म्हणजे कुडी ६० पिक्सेलची. पण कान डोळ्यांच्या ८-९ सेंटिमीटर मागे असतो. कॅमेरा दीड मीटरवर असेल तर मागची वस्तू पाच-सहा टक्क्यांनी लहान दिसते, म्हणून कुडी ५६-५७ पिक्सेलची धरावी. शिवाय समोरून काढलेल्या फोटोत कानाची पाळी तिरकी दिसते. कुडीची उंची तेवढीच ठेवून रुंदी पाळीच्या कलाप्रमाणे कमी करावी. पूर्ण गोल कुडी दिसली की ती चिकटवलेली आहे हे लगेच कळतं. फिरकी पाळीमागे असते, ती दाखवायचीच नाही.

तुशीचं तेच. मागचा दोरा किंवा हूक मानेमागे असतो, समोरून तो दिसता कामा नये. मखमलीवरच्या फोटोतलं पूर्ण वर्तुळ उचललं की हूक खांद्यावर येऊन बसतो. म्हणून फक्त पुढचा भाग घ्यावा, मानेच्या गोलाईप्रमाणे वाकवावा आणि कडेकडे जाताना मणी अरुंद व दाट करत न्यावेत. टोकं सरळ रेषेत कापू नयेत. मानेची कड जिथे वळते, तिथे मास्कने, म्हणजे लेअरचा नको तो भाग झाकून, ती मागे लपवावीत.

सावल्या दोन लागतात. मण्यांच्या अगदी खाली एक-दोन पिक्सेलची गडद रेघ, म्हणजे कातडीला टेकलेल्या जागेची. ही नसली तर तुशी तरंगते. दुसरी मऊ, प्रकाशाच्या उलट दिशेला सरकलेली. तुशी गळ्याला घट्ट बसते म्हणून ही अरुंद. मोहनमाळेची जास्त सरकते आणि पदराच्या चुण्यांवरून वाकडी जाते. दोन्ही मल्टिप्लाय लेअरवर, म्हणजे खालचं चित्र फक्त गडद करणाऱ्या थरावर ठेवाव्यात. रंगीत फोटोत काळा रंग वापरू नये, हनुवटीखालच्या सावलीचा तपकिरी-लालसर रंग उचलावा, नाहीतर गळ्यावर मळ बसल्यासारखं दिसतं. सगळ्यात जास्त विसरली जाते ती उलटी सावली: हनुवटीची सावली गळ्यावर पडत असेल तर तुशीच्या वरच्या मण्यांवरही ती पडलीच पाहिजे.

संदर्भ फोटोत उजेड उलट्या बाजूचा असला तर तुशी आडवी उलटवली तरी चालते, दोन्ही बाजू सारख्याच असतात. कोल्हापुरी साजाचं तसं नाही. त्याची पानं वेगवेगळी असतात आणि उलटवल्यावर क्रम चुकतो. डाव्या नाकपुडीतली नथही उलटवू नये.

कृष्णधवल फोटोत शेवटचा प्रश्न सोन्याच्या करड्या छटेचा. मोबाईलचा रंगीत फोटो नुसता कृष्णधवल केला की सोनं उजळ येतं आणि जुन्या फोटोत परकं दिसतं. आजीचं कुंकू जवळजवळ काळं असेल तर फिल्म लाल रंगाला आंधळी होती असं धरावं आणि तुशीच्या रंगीत फोटोतला निळा चॅनेल, म्हणजे फक्त निळ्या प्रकाशाचं चित्र, वापरून बघावा. सोनं काळवंडतं, फक्त चमकेचे ठिपके पांढरे राहतात. कुंकू मध्यम करडं असेल तर निळ्यात थोडा हिरवा आणि लाल चॅनेलही मिसळावा. मग दागिना किंचित धूसर करून त्यावर बाकीच्या फोटोइतकेच फिल्मचे दाणे टाकावेत, कारण मोबाईलचा फोटो त्या काळच्या भिंगापेक्षा जास्त धारदार असतो.