पोकळ वाजणारी टाइल: सुटलेली की गोळ्यांवर बसवलेली?

जुनी टाइल काढायला बोलावलं की घरचे आधी ठोकून दाखवतात, बघा पोकळ वाजतेय, म्हणजे सुटलीच आहे, पहार घाला आणि उचला. आणि तिथंच शेजारची टाइल जाते. कारण पोकळ आवाज दोन वेगळ्या गोष्टींमुळे येतो, एक टाइल खरंच खालच्या चिकटवायच्या केमिकलपासून सुटलेली असते आणि दुसरी सुटलेली नसतेच, फक्त केमिकलचे पाच गोळे ठेवून बसवलेली असते आणि मधे हवा असते.

मागच्या मे महिन्यात भुसावळला एका मावशींच्या किचनमध्ये दोन्ही एकाच दिवशी भेटल्या. दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल, खाली काँक्रीट. एक दाराजवळ, दुसरी सिंकच्या पुढे, तिला मधोमध तडा. मावशी म्हणे दोघी सारख्याच वाजतात रे भो.

सारख्या नव्हत्या. रुपयाचं नाणं घेऊन आडव्या-उभ्या ओळीत, दर चार बोटांवर वाजवत गेलो आणि जिथं घट्ट "ठक्" येतो तिथं खडूनं फुली मारली. दाराजवळच्या टाइलवर एकही फुली पडली नाही, कोपरेसुद्धा डबडब वाजत होते, आणि चारी बाजूंच्या सांध्यांत भरलेल्या ग्राउटमध्ये केसाएवढी चीर, पाय दिला की बारीक भुकटी वर यायची. सिंकजवळच्या टाइलवर मात्र चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक अशा फुल्या, ग्राउट अखंड.

दाराजवळची सोपी. हेक्सॉ ब्लेडनं चारी सांधे टाइलच्या पूर्ण जाडीपर्यंत, म्हणजे साधारण ९ मिमी, मोकळे केले. अर्धवट सोडलेलं ग्राउट शेजारणीला धरून राहतं आणि उचलताना तिचीच कड उडते, म्हणून ब्लेड खाली काँक्रीटला किंवा केमिकलला लागलेली कळेपर्यंत थांबायचं नाही. मग टाइल ओल्या फडक्यानं पुसून कोरडी केली, सक्शन कप लावला आणि सरळ वर ओढली, अख्खी निघाली. पाठ कोरी होती आणि खाली केमिकल पसरवायच्या दातेरी कंगव्याच्या रेघा न दबता तशाच उभ्या होत्या. म्हणजे टाइल ठेवेपर्यंत केमिकलवर साय धरली होती, आपल्याकडच्या उन्हाळ्यात पसरवलेलं केमिकल फार लवकर वरून सुकतं. तीच टाइल जुन्या रेघा खरवडून परत बसवली.

सिंकजवळची टाइल अशी ओढायची नाहीच. तिथं गोळा दाबून पसरताना सांध्याखालून शेजारच्या टाइलखाली गेलेला असतो, एकच गोळा दोघींचा कोपरा धरून असतो. पहार शेजारणीवर टेकवून उचकटलं की तिच्या कडेवर सगळा जोर येतो, आणि आधी कुणीतरी तेच केलं होतं, एका शेजारणीचा कोपरा तेवढ्यानं टवका उडून गेला होता, फार वाईट वाटलं बघून.

ही टाइल वाचवायचा विचार सोडून द्यायचा, तोडायचीच. आधी शेजारच्या कडांवर मास्किंग टेपचे दोन थर. सांधा जेमतेम २ मिमी होता, त्यात ग्राइंडर घातला असता तर चक्ती उडून शेजारणीची कड गेली असती, म्हणून सांध्यातलं ग्राउट हातानं काढलं आणि ग्राइंडरचा काप टाइलच्या आत, कडेपासून दीड इंचावर, चारी बाजूंनी मारला. हा काप आरपार हवा, कारण मधे बसणारा धक्का तिथंच थांबला पाहिजे. मधल्या भागावर अजून एक फुलीचा काप. मास्क लावा आणि पाणी शिंपडत राहा, ही धूळ छातीला वाईट.

मग मधून सुरुवात. मधल्या गोळ्याच्या बाजूला, पोकळ जागेवर हातोडी मारली की तुकडा आत बसतो, तिथून छिन्नी आडवी करून बाहेरच्या दिशेनं नाही तर मधल्या खड्ड्याकडे तुकडे ओढत यायचं. शेवटी उरते दीड इंची पट्टी. तिच्याखाली कापाच्या बाजूनं छिन्नी घालून आतच ओढायची, हळू, हलकी ठोक देत, शेजारणीकडे ढकलायची नाही. कोपऱ्यातल्या गोळ्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला, सांध्याच्या रेषेवर गोळा आधी छिन्नीनं उभा तोडला, मग आपल्या बाजूचा भाग खरवडला आणि शेजारणीखालचा तिथंच राहू दिला, तो तिचा आधार आहे.

एक अडचण दोन्हीकडे येते. सांधा न ठेवता टाइलला टाइल भिडवलेली असेल तर आपल्या उन्हात फरशी फुगून एकमेकींना दाबते, तेव्हा सुटलेली टाइलसुद्धा कपानं वर येत नाही. अशा वेळी जोर लावू नका, तिलाही दीड इंचाचा आतला काप मारून तोडा. आणि सिंकजवळ कापताना चक्ती टाइलच्या जाडीखाली उतरू देऊ नका, काँक्रीटमध्ये पाइप किंवा वायरचा पाइप गेलेला असू शकतो.

काम झाल्यावर शेजारच्या सगळ्या टाइल्स परत नाण्यानं वाजवून बघितल्या, नवीन पोकळ आवाज कुठंच नव्हता. मग गोळे न ठेवता कंगव्यानं पूर्ण भरून केमिकल लावलं आणि नवीन टाइलच्या पाठीवरही एक पातळ थर फिरवला.