ईएलसीबी, आरसीसीबी आणि नोटीस बोर्डावरचं मराठी

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीला मी पावसाळ्याआधी विजेच्या सुरक्षिततेची सूचना लिहून दिली होती. त्यात एक वाक्य होतं: ‘भूगळती परिपथ खंडकाची चाचणी कळ महिन्यातून एकदा दाबावी.’ दोन दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. ‘अहो, ते खंडक आमच्याकडे आहे का?’

होतं. वीज जमिनीत गळू लागली की ती तोडणारं उपकरण म्हणजे ‘अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर’, ईएलसीबी; ‘खंडक’ हे त्याचंच मी केलेलं शब्दशः भाषांतर. ते होतं दारामागच्या बोर्डात, एमसीबींच्या रांगेत सगळ्यात पहिलं. त्यावर इंग्रजी अक्षरांत आरसीसीबी छापलं होतं आणि त्यांचा वायरमन त्याला ईएलसीबी म्हणायचा. एका वस्तूची तीन नावं झाली होती, आणि त्यातलं माझं नाव ना बोर्डावर होतं, ना दुकानात, ना कुणाच्या तोंडी.

हे असं का झालं, ते थोडं मागे गेल्यावर कळतं. महाराष्ट्र झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय सुरू झालं, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आला आणि शासनाच्या कामासाठी परिभाषा कोश तयार होऊ लागले. त्याच सुमाराला, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली. म्हणजे कोशातली मराठी आणि कारखान्यातली मराठी एकाच काळात वाढली, पण वेगवेगळ्या ठिकाणी. कारखान्यात शब्द यायचा तो यंत्रावरच्या पट्टीवरून आणि नकाशावरून.

शाळेच्या पुस्तकातला ‘वितळतार’ मला आजही फार आवडतो. तार वितळते आणि प्रवाह तुटतो, हे शब्दच सांगतो. तरी घरात फ्यूजच उडाला, कारण तो शब्द आधीच मुरला होता. उलट उदाहरणही आहे. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन झालं आणि ‘महावितरण’ आलं. ते बिलावर छापलं गेलं, एका दमात म्हणता येतं, आणि लोकांनी उचललं. तेव्हा मराठी शब्द रुजत नाही, असं नव्हे. इंग्रजी आद्याक्षरांची फोड करून तिचं शब्दशः भाषांतर केलं, तर ते मात्र रुजत नाही.

१९६१ मध्ये नेमलेल्या केंद्राच्या शब्दावली आयोगानंही याचा विचार केला होता. आंतरराष्ट्रीय चिन्हं रोमनमध्येच ठेवावीत, संक्षेप मात्र नागरीत लिहिता येतील, असं त्यांचं तत्त्व आहे. म्हणून cm आणि सेमी दोन्ही चालतात. पण हा नियम मुख्यतः मापांना धरून आहे. यंत्राच्या अंगावर छापलेल्या नावाचं काय करायचं, ते लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

आता माझी कसोटी साधी आहे. वाचकाला ती वस्तू डोळ्यांनी शोधायची असेल, तर तिच्यावर छापलेलं नाव ठेवायचं. आणि ‘एमसीबी पडली’, ‘आरसीसीचं बांधकाम’ असे प्रत्यय लागू लागले असतील, तर तो शब्द मराठीच झाला.

पण ईएलसीबीच्या बाबतीत एवढ्यानं भागत नाही, कारण इथे इंग्रजी नावच दुहेरी आहे. जुनी ईएलसीबी उपकरणाची धातूची चौकट आणि जमीन यांच्यातला व्होल्टेज पाहायची. गळती दुसऱ्या वाटेनं, समजा पाण्याच्या पाइपमधून किंवा माणसाच्या अंगातून थेट जमिनीत गेली, तर तिला पत्ता लागत नसे. नंतर आलेलं उपकरण फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून पाहतं. फरक पडला की ते वीज तोडतं. माणसाच्या संरक्षणासाठी ही मर्यादा साधारण ३० मिलिअँपिअर असते. याचं नेमकं नाव आरसीसीबी, पण बाजारात जुनंच नाव चिकटून राहिलं.

दुसरा घोळ जास्त धोक्याचा आहे. आरसीसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट झाल्यास पडत नाही, ते काम एमसीबीचं. ‘खंडक’ म्हटलं की दोन्ही एकच वाटतात. आद्याक्षरं तशीच ठेवली, तर निदान फरक दिसतो. काम काय, ते मात्र मराठीतच सांगायला हवं.

म्हणून सूचना पुन्हा लिहिली: ‘बोर्डातल्या आरसीसीबीवर (वायरमन हिला ईएलसीबीही म्हणतात) टी अक्षराचं छोटं बटण आहे. वीज चालू असताना महिन्यातून एकदा ते दाबा. खटका खाली पडला पाहिजे. पडला नाही, तर वायरमनला बोलवा. शॉक बसू लागला तर वीज तोडते ती हीच. जास्त लोडसाठी एमसीबी वेगळी.’

त्या रविवारी काकूंनी बटण दाबलं, खटका पडला. त्यांच्या वरच्या घरात मात्र दोनदा दाबूनही हलला नाही. वायरमन आला आणि संध्याकाळपर्यंत नवी आरसीसीबी बसली.