पट्टा घेताना भोकात डोकावा

पट्टा किंवा पाकीट खऱ्या चामड्याचं आहे का, हे ओळखायचं कसं ते सांगतो. रेक्झिनवर फार लिहीत नाही. कापडावर प्लॅस्टिकचा थर, स्वस्त, भिजलं तरी चालतं, पुढे सालपटं निघतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या दुकानाच्या यादीत त्या मालापुढे 'रेक्झिन' असंच लिहिलेलं असतं. घोळ होतो तो बॉण्डेडचा.

चामड्याच्या कातरणांचा भुगा करायचा, तो चिकट द्रावणात कालवायचा आणि लाटून पुठ्ठ्यासारखा ताव काढायचा, हे झालं बॉण्डेड लेदर. वर प्लॅस्टिकचा पापुद्रा देऊन त्यावर कातडीची छिद्रं छापतात. भुगा चामड्याचाच, त्यामुळे वास चामड्याचा येतो आणि काडी लावली तर केस जळल्यासारखाही येतो. म्हणून 'वास घ्या, जाळून बघा' म्हणणाऱ्यांचा मला वैताग येतो. पाण्याच्या थेंबाचंही तेच. रंगाचा जाड थर दिला असेल तर अस्सल चामड्यावरूनही तो घरंगळतो.

कोल्हापुरीची कड आठवा. तळाच्या चामड्यात वरपासून खालपर्यंत एकमेकांत गुंतलेले तंतू दिसतात. पट्ट्यात तेच शोधायचं.

मिरजेचे एक गिऱ्हाईक 'जेन्युइन लेदर' शिक्क्याचा काळा पट्टा घेऊन आले. आठ महिन्यांत तिसऱ्या भोकापाशी तुटलेला. मी ब्लेडने उभा चिरला. वर जेमतेम एक मिलिमीटर खरं चामडं, खाली रेक्झिनचं अस्तर आणि मधे तपकिरी पुठ्ठा, नखाने खरवडला की भुगा पडणारा. म्हणजे शिक्का वरच्या थरापुरता खराच होता! बक्कलचा ताण भोकावर येतो. एकसंध चामडं तिथे ताणलं जातं, भोक लांबट होतं. पुठ्ठ्याला मात्र भोकापासून कडेकडे तडा जातो.

म्हणून आमच्या यादीत पट्ट्याच्या पोटातलंही लिहितो: 'म्हशीचं चामडं, एकसंध, साडेतीन मिलिमीटर' किंवा 'वर चामडं, मधे बॉण्डेड, खाली रेक्झिन'. फोटो भोकाचा आणि चिरलेल्या कडेचा. कडेला जाड रंग फासलेला असेल तर भोकातच बघा. पाकिटाची कड दुमडून शिवलेली असते. तिथे कार्डाच्या कप्प्यात मोबाइलची बॅटरी मारा, आत कच्ची कड सापडते.

आता निगा. पावसाळ्यात पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी धरते. धरलीच तर घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. उन्हात चामडं कडक होतं. वर्षातून दोनदा बिनरंगाचं शू क्रीम, बोटावर येईल एवढंच. खोबरेल तेल चोपडू नका, चामडं काळवंडतं आणि ढिलं पडतं. बॉण्डेडला क्रीम लावून उपयोग नाही. ते वरच्या पापुद्र्यातून आत जातच नाही, आणि सुटलेला पापुद्रा परत चिकटत नाही. तो पट्टा दुरुस्तीला आणला तर मी बक्कल काढून हातात देतो. बक्कल बहुधा चांगलं असतं.